काळ्या मातीतली पोलादी पाण्याची लाइन: सॅक्रिफिशियल ॲनोड बसवणे आणि त्याचे आयुष्य काढणे

सोलापूर जिल्ह्यात जॅकवेलपासून टाकीपर्यंत जाणाऱ्या पोलादी लाइन बऱ्याच ठिकाणी काळ्या मातीतून जातात. ही माती ओली असताना विजेला फारसा विरोध करत नाही, म्हणून उघड्या पोलादाला ती झपाट्याने गंजवते, आणि उन्हाळ्यात भेगाळून कोटिंग ओढून काढते. पुरलेल्या पोलादाला करंट देऊन गंजापासून वाचवण्याचे, म्हणजे कॅथोडिक प्रोटेक्शनचे, काम प्रथमच अंगावर आलेल्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी, छोट्या कंत्राटदारांसाठी आणि ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्यांसाठी हा लेख लिहिला आहे. कोटिंग असलेली, दीड-दोन किलोमीटरपर्यंतची लाइन आणि तिच्यासाठी मॅग्नेशियम किंवा जस्ताचे ॲनोड, एवढाच प्रकार मी येथे घेतला आहे.

तत्त्व थोडक्यात सांगतो. मॅग्नेशियम किंवा जस्त तारेने पोलादी पाइपला जोडून त्याच मातीत पुरले, की विजेचा घट तयार होतो. ॲनोडमधून निघालेला करंट मातीतून पाइपच्या उघड्या पडलेल्या जागी पोहोचतो आणि तारेतून परत येतो. ॲनोड झिजतो, पाइप वाचतो. कोटिंग पाइपचा बहुतेक भाग झाकते आणि ॲनोड त्या कोटिंगमधल्या छिद्रांची व ओरखड्यांची राखण करतो, त्यामुळे कोटिंगला पर्याय म्हणून ॲनोडकडे पाहू नये.

निविदेच्या कागदांत "डिझाइन लाइफ २० वर्षे" असे एक वाक्य आणि त्याखाली ॲनोडच्या नगांची संख्या असते. ती संख्या अनेकदा पाइपला किती करंट लागतो एवढ्यावरून काढलेली असते. ॲनोडला मात्र पाइपची गरज कळत नाही. सर्किट जितका करंट जाऊ देईल तितका तो देत राहतो. आयुष्याच्या हिशोबातला सगळा घोळ येथून सुरू होतो, आणि पुढचे आकडे प्रामुख्याने तेवढ्यासाठीच मांडले आहेत.

## सुरुवातीला जवळ काय हवे

कागदांमध्ये लाइनचा आराखडा (व्हॉल्व्ह, एअर व्हॉल्व्ह आणि रस्ता, नाला, कालवा ओलांडण्याच्या जागांसह), पाइपचा बाहेरचा व्यास आणि जाडी, कोटिंगचा प्रकार आणि त्यातली छिद्रे शोधणाऱ्या हॉलिडे चाचणीची नोंद, तसेच लाइनजवळून जाणाऱ्या इतर पाइपांची व केबलींची माहिती लागते. पाइपसाठी IS 3589, कोटिंगसाठी IS 10221 आणि कॅथोडिक प्रोटेक्शनसाठी IS 8062 ही मानके हाताशी ठेवावीत.

साधनांमध्ये पुढील गोष्टी पुरतात:

- १० मेगाओहम इनपुट असलेला डिजिटल मल्टिमीटर
- तांबे-मोरचुदाचा हाफ सेल (कॉपर-कॉपर सल्फेट), शक्यतो दोन
- चार खुंट्यांचा अर्थ टेस्टर आणि त्याच्या तारा
- ०.०१ ओहमचे शंट आणि बदलता येणारा रेझिस्टर
- तार पाइपला जोडण्यासाठी थर्मिट वेल्डचा साचा आणि जोडावर लावायचे कोटिंग

## १. लाइन अखंड आहे आणि इतरांपासून वेगळी आहे, याची खात्री करा

करंटला पाइपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धातूची सलग वाट लागते. वेल्ड केलेल्या लाइनमध्ये ती असते. मेकॅनिकल कपलिंग किंवा रबरी रिंगचा जॉइंट आला, की ती तुटते. अशा प्रत्येक जॉइंटवर दोन्ही बाजूंचे पाइप तारेने जोडून घ्यावे लागतात. लाइनमध्ये मधेच डीआय पाइपचा तुकडा टाकला असेल, तर त्याच्या प्रत्येक रबरी जॉइंटचा वेगळा विचार करावा लागतो, कारण जोडले नाही तर पलीकडची लाइन संरक्षणाबाहेर राहते आणि जोडले तर डीआयचाही करंट ॲनोडवर पडतो.

दुसरी अट याच्या उलट आहे. आपली लाइन पंपघराच्या अर्थिंगपासून, टाकीच्या सळयांपासून आणि इतर लाइनपासून तोडलेली हवी. त्यासाठी दोन्ही टोकांना इन्सुलेटिंग फ्लँज बसवतात. फक्त गॅस्केट इन्सुलेटिंग घालून बोल्ट तसेच ठेवले, तर बोल्टमधून सगळे जोडलेलेच राहते. प्रत्येक बोल्टला स्लीव्ह आणि वॉशरही इन्सुलेटिंग लागतात.

हे कसे तपासायचे? हाफ सेल जमिनीवर एकाच जागी ठेवून फ्लँजच्या दोन्ही बाजूंच्या पाइपचे पोटेन्शियल, म्हणजे हाफ सेलच्या तुलनेतले व्होल्टेज, घ्यावे. ॲनोड जोडल्यावर दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच येत असतील, तर फ्लँज शॉर्ट आहे असे समजावे.

व्हॉल्व्ह चेंबरची भिंत हा फसवणारा भाग आहे. भिंतीतून पाइप जाताना तो आतल्या सळईला टेकतो आणि नंतर काँक्रीटने झाकला जातो. काँक्रीटमधले पोलाद मातीतल्या पोलादापेक्षा विजेच्या दृष्टीने बरेच "वरचे" असते. मातीतल्या कोटिंग केलेल्या पाइपचे मूळ पोटेन्शियल साधारण उणे ०.५ ते उणे ०.७ व्होल्ट येते, तर काँक्रीटमधल्या सळईचे उणे ०.१ ते उणे ०.३ च्या आसपास येते. ॲनोड लावण्यापूर्वीच एखाद्या चेंबरजवळ पाइपचे वाचन उणे ०.३५ आले, तर सळईचा संपर्क शोधावा. तो तसाच राहिला तर ॲनोडचा बराच करंट चेंबरच्या सळयांत जाईल. त्याहून वाईट म्हणजे, ॲनोड संपल्यावर त्या सळया पाइपच्याच गंजाला हातभार लावतील.

याच कारणामुळे बाहेरून गनायटिंग केलेला तुकडा आणि टेप कोटिंगचा तुकडा एकाच लाइनमध्ये असतील, तर त्यांच्यामध्ये इन्सुलेटिंग जॉइंट ठेवणे मला योग्य वाटते.

## २. मातीची रोधकता मोजा, आणि ऋतू लिहून ठेवा

चार खुंट्या एका ओळीत समान अंतरावर ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून करंट सोडला जातो आणि आतल्या दोन खुंट्यांमध्ये व्होल्टेज मोजले जाते. मीटर विरोध R ओहममध्ये दाखवतो. दोन खुंट्यांमधले अंतर a मीटर असेल, तर रोधकता अशी येते:

```
ρ = 2 × π × a × R
```

अंतर जितके ठेवाल, साधारण तितक्या खोलीपर्यंतच्या मातीची सरासरी मिळते. ॲनोड दोन मीटरच्या आसपास पुरायचा असतो, म्हणून १.५ मीटर आणि ३ मीटर अशी दोन्ही अंतरे घ्यावीत. १.५ मीटर अंतरावर मीटरने १.२७ ओहम दाखवले, तर रोधकता सुमारे १२ ओहम-मीटर होते. खुंट्यांची ओळ पाइपला समांतर ठेवू नये. करंट पाइपमधून पळतो आणि आकडा खोटाच कमी येतो. ओळ पाइपला काटकोनात धरावी आणि पाइपपासून थोडी लांब घ्यावी.

आपल्याकडे एकाच लाइनवर रोधकता फार बदलते. कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यात ती ८-१० ओहम-मीटर असू शकते, चोपण जमिनीत ५ च्याही खाली जाते आणि माळावर मुरूम लागला की ५० च्या पुढे जाते. सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, म्हणून सप्टेंबरअखेरचा आणि मे महिन्याचा आकडा एकाच खड्ड्याजवळ दुप्पट-तिप्पट वेगळा येऊ शकतो. मे महिन्यात खुंटी भेगेत ठोकली गेली, तर तिचा मातीशी संपर्कच राहत नाही. भेग टाळून खुंटी ठोकावी आणि तिच्या बुडाशी पेलाभर पाणी ओतावे. संपूर्ण पट्टी भिजवून घेतलेले वाचन मात्र निरुपयोगी असते. प्रत्येक वाचनासमोर तारीख आणि शेवटचा पाऊस कधी झाला हे लिहावे, कारण पुढे आयुष्याच्या हिशोबात तेच उपयोगी पडते.

## ३. पाइपला किती करंट लागेल ते ठरवा

उदाहरणासाठी बाहेरून ३२४ मिमी व्यासाची, दीड किलोमीटर लांबीची, पॉलिथिलिन टेपचे कोटिंग असलेली लाइन घेऊ. तिचे बाहेरचे क्षेत्रफळ सुमारे १५२७ चौरस मीटर होते. कोटिंगचे काम नीट झाले आहे, पण वीस वर्षांत त्याची काहीशी झीज होणार, हे धरून दर चौरस मीटरला ०.२ मिलीअँपिअर घेऊ. म्हणजे एकूण ३०५ मिलीअँपिअर झाले.

हा ०.२ चा आकडा सगळ्या हिशोबाचा पाया आहे आणि तो अंदाजच आहे. जुन्या लाइनसाठी अंदाजावर न थांबता चाचणी करावी. दोन-चार सळया जमिनीत ठोकून बॅटरीने तात्पुरता करंट सोडावा आणि पोटेन्शियल अपेक्षित पातळीला आणण्यासाठी किती करंट लागतो ते पाहावे. कोटिंग नसलेल्या पोलादाला दर चौरस मीटरला १० ते २० मिलीअँपिअर लागू शकतात. याच लाइनला त्या दराने १५ ते ३० अँपिअर लागतील, आणि तेवढा करंट देण्यासाठी ॲनोड लावत बसणे परवडणारे नाही. तिथे रेक्टिफायर लावून बाहेरून करंट देण्याची पद्धत घ्यावी लागते.

## ४. एक ॲनोड किती करंट देईल ते काढा

उभ्या पुरलेल्या ॲनोडचा मातीतला विरोध या सूत्राने काढतात. L आणि d ही भराव्यासह पिशवीची लांबी आणि व्यास, दोन्ही मीटरमध्ये:

```
R = (ρ / (2πL)) × (ln(8L/d) − 1)
```

आपण ७.७ किलो वजनाचा उच्च पोटेन्शियलचा मॅग्नेशियम ॲनोड घेऊ. पिशवी ०.७५ मीटर लांब आणि ०.२० मीटर व्यासाची धरू. १२ ओहम-मीटर मातीत विरोध ६.१ ओहम येतो. ॲनोडचे पोटेन्शियल उणे १.७० व्होल्ट आणि संरक्षित पाइपचे उणे ०.९० व्होल्ट धरले, तर करंट ढकलणारे व्होल्टेज ०.८० उरते. ०.८० ला ६.१ ने भागले की १३१ मिलीअँपिअर मिळतात.

पाइपला ३०५ हवेत, म्हणजे तीन ॲनोड पुरतील असे वाटते. बरेच हिशोब येथेच थांबतात.

## ५. आयुष्य काढा: आधी वजनावरून, मग प्रत्यक्ष करंटवरून

सैद्धांतिकदृष्ट्या एक किलो मॅग्नेशियममधून सुमारे २२०० अँपिअर-तास मिळायला हवेत. प्रत्यक्षात त्यातला निम्मा भाग मॅग्नेशियम स्वतःच गंजण्यात जातो, म्हणून कार्यक्षमता ५० टक्के धरून ११०० घेतात. शिवाय ॲनोड शेवटच्या ग्रॅमपर्यंत कामाचा नसतो. बराचसा धातू गेल्यावर उरलेला भाग आतल्या गाभ्यापासून सुटतो किंवा पुरेसा करंट देत नाही. म्हणून वापराचा गुणक ०.८५ घेतात. सूत्र असे होते:

```
Y = (W × C × U) / (I × 8760)
```

W वजन किलोमध्ये, C म्हणजे ११००, U म्हणजे ०.८५, I करंट अँपिअरमध्ये आणि Y वर्षे. ८७६० हे वर्षातले तास.

तीन ॲनोडांपैकी प्रत्येक जण १३१ मिलीअँपिअर देत असेल, तर त्याचे आयुष्य सव्वासहा वर्षे येते. वीस वर्षांची अट येथेच मोडली. वजनाकडून उलटे गेल्यास, ३०५ मिलीअँपिअर वीस वर्षे देण्यासाठी सुमारे ५७ किलो मॅग्नेशियम लागते. म्हणजे आठ ॲनोड, एकूण ६१.६ किलो. त्यांना ३०५ ने भागले की साडेएकवीस वर्षे येतात. कागदावर काम झाले.

हा साडेएकवीसचा आकडा फक्त एका अटीवर खरा आहे: आठही ॲनोडांनी मिळून ३०५ मिलीअँपिअरच द्यायला हवेत. ते तसे करणार नाहीत. चार-चार ॲनोडांचे दोन गट केले, तर एका गटाचा विरोध ६.१ च्या चौथाईपेक्षा थोडा जास्त, सुमारे १.७५ ओहम येतो, कारण शेजारच्या ॲनोडांचा एकमेकांना अडथळा होतो. त्यातून ४५७ मिलीअँपिअर वाहतील, दोन्ही गट मिळून ९१४. पाइपला हवे त्याच्या तिप्पट. पाइप अधिकाधिक ऋण होत गेल्यावर करंट थोडा उतरतो हे खरे आहे. पाइप उणे १.१० पर्यंत गेला, तर ढकलणारे व्होल्टेज ०.६० राहते आणि गटाचा करंट सुमारे ३४३ मिलीअँपिअर होतो. तरीसुद्धा गटाचे आयुष्य सात ते साडेनऊ वर्षांच्या मध्ये कुठेतरी बसते. वीस वर्षांचे धातूचे पैसे भरून निम्मेच आयुष्य पदरात पडले, आणि जादा करंटने कोटिंग सुटण्याचा धोका वेगळाच. म्हणूनच करंट तोडल्यानंतरचे पोटेन्शियल उणे १.२० व्होल्टच्या पलीकडे जाऊ देऊ नये.

उपाय साधा आहे आणि स्वस्तही. ॲनोडच्या आणि पाइपच्या तारा मोजमापासाठी जिथे एकत्र आणतात त्या टेस्ट स्टेशनमध्ये गटाच्या तारेत एक रेझिस्टर घालावा. एका गटाने १५२ मिलीअँपिअर द्यावेत असे ठरवले, तर एकूण विरोध ०.८० भागिले ०.१५२ म्हणजे सुमारे ५.२५ ओहम हवा. त्यातून १.७५ वजा केल्यावर ३.५ ओहमचा रेझिस्टर येतो. तो बदलता येणारा घ्यावा, म्हणजे पहिल्या वर्षाच्या वाचनानंतर नेमका लावता येतो. एक मर्यादा लक्षात ठेवावी: फार कमी करंट घेतला, तर मॅग्नेशियमची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या खाली उतरते, कारण त्याचे स्वतःचे गंजणे थांबत नाही. कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर हेच काम ७१ किलो मागते, म्हणजे दहा ॲनोड. अंदाजपत्रकात जागा असेल तर मी दहा धरावेत असे म्हणेन. "करंट अर्धा केला म्हणून आयुष्य दुप्पट" असे सरळ गुणोत्तर मॅग्नेशियमला लावता येत नाही, म्हणून रेझिस्टर वाढवत नेण्यालाही शेवट असतो.

मग जस्त का नको, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. जस्ताचे पोटेन्शियल उणे १.१० असते, म्हणून ढकलणारे व्होल्टेज फक्त ०.२० उरते. त्याच मापाच्या पिशवीतला १३.६ किलोचा जस्ताचा ॲनोड १२ ओहम-मीटर मातीत ३३ मिलीअँपिअर देईल. जस्ताची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते. किलोमागे सुमारे ७३८ अँपिअर-तास धरले, तर आयुष्य एकोणतीस वर्षांवर जाते. दहा ॲनोड लावले की करंटही पुरतो, रेझिस्टरही लागत नाही आणि पाइप जास्त ऋण होण्याची भीतीही नाही. उसाच्या, कालव्याकाठच्या, बारमाही ओल्या पट्ट्यात जस्त निश्चितच चांगले. पण तोच खड्डा मे महिन्यात ३० ओहम-मीटरवर गेला, तर एका ॲनोडचा करंट १३ मिलीअँपिअरवर येतो आणि दहा मिळून १३० च होतात. म्हणून १५ ओहम-मीटरच्या वर, आणि जिरायत रानात जिथे माती खोलवर सुकते तिथे, मी मॅग्नेशियमच घेतो.

## ६. ॲनोड पुरताना

ॲनोड पाइपपासून मॅग्नेशियमसाठी साधारण तीन मीटर आणि जस्तासाठी दीड मीटर लांब, आणि पाइपच्या बुडाहून खाली पुरावा. काळ्या मातीत पिशवीचा माथाही भेगांच्या थराखाली जाईल इतकी खोली घ्यावी, कारण भेगाळलेल्या मातीत पिशवीभोवती पोकळी पडते आणि करंट अचानक कोसळतो. गटाची जागा निवडताना नाल्याच्या काठचा किंवा बांधाखालचा ओलावा पाहावा. माळावर मुरूम लागला तर दोनशे मीटर पुढे सरकून काळ्या मातीत गट करणे फायद्याचे ठरते.

पिशवीतला भरावा ७५ टक्के जिप्सम, २० टक्के बेंटोनाइट आणि ५ टक्के सोडियम सल्फेटचा असतो. बाहेरचे प्लास्टिक काढावे, कापडी पिशवी तशीच ठेवावी. ॲनोड तारेला धरून उचलू नये, कारण तार गाभ्यापाशी तुटते आणि ते वरून दिसत नाही. पिशवी ठेवल्यावर दगड नसलेली, चाळलेली माती थराथराने भरावी, त्यावर भरपूर पाणी ओतावे आणि मगच वरचा भराव करावा.

आपल्या भागातले वायरमन अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरायला सरावलेले असतात. मागे उभे राहून पाहिले नाही, तर ॲनोडच्या खड्ड्यातही तेच पडते. पिशवीभोवती कोळसा पडला की कोळसा आणि मॅग्नेशियम यांचाच आपसात घट तयार होतो. ॲनोड जागच्या जागी झिजतो आणि पाइपपर्यंत काही पोहोचत नाही. वरच्या मीटरवर मात्र सुरुवातीला सगळे ठीक दिसते. खड्डा भरण्यापूर्वी कामगारांना हे स्पष्ट सांगावे आणि खड्ड्याचा फोटो नोंदीत ठेवावा.

तार थर्मिट वेल्डने पाइपला जोडावी आणि त्या जागेचे कोटिंग पुन्हा पूर्ण करावे. ॲनोडची तार थेट पाइपला न जोडता टेस्ट स्टेशनमध्ये आणावी. पाइपकडून वेगळ्या दोन तारा तिथे आणाव्यात: एक करंटसाठी, एक फक्त पोटेन्शियल मोजण्यासाठी. थेट जोडलेल्या ॲनोडचा करंट कधीच मोजता येत नाही, म्हणजे त्याचे आयुष्यही कधी काढता येत नाही. टेस्ट स्टेशनचा खर्च वाचवणारी निविदा मी मान्य करत नाही.

## ७. चालू केल्यावर मोजा आणि आयुष्याचा आकडा दुरुस्त करा

हाफ सेल पाइपच्या बरोबर वर, ओल्या मातीवर ठेवावा. मे महिन्यात जमिनीच्या पृष्ठभागावरच विरोध इतका असतो की आकडा डळमळतो, म्हणून ठेवायची जागा आधी पाण्याने भिजवून दहा मिनिटे थांबावे. पाइपचे पोटेन्शियल करंट तोडल्याबरोबर लगेच उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून ऋण आले पाहिजे. करंट चालू असताना घेतलेल्या आकड्यात मातीतल्या व्होल्टेजचा भाग मिसळलेला असतो आणि तो पाइप आहे त्यापेक्षा बरा दाखवतो. दोन गट असतील तर दोन्ही एकाच क्षणी तोडावे लागतात. दोन टेस्ट स्टेशनवर दोन माणसे आणि फोनवर "एक, दोन, तीन" म्हणून हे जमते, पण सिंक्रोनाइज्ड इंटरप्टर भाड्याने मिळाल्यास तो घ्यावा. जिथे तोडणे शक्य नसते तिथे पाइपशेजारी पुरलेले छोटे पोलादी कूपन उपयोगी पडते.

लाइन उच्च दाबाच्या वीजवाहिनीला समांतर जात असेल, तर हात लावण्यापूर्वी पाइप आणि माती यांच्यातला एसी व्होल्टेज मोजावा. सोलापूरभोवती ४०० आणि ७६५ केव्हीच्या वाहिन्या आहेत, त्यामुळे ही सावधगिरी कागदापुरती नाही. १५ व्होल्टच्या वर आकडा आला, तर काम थांबवून आधी त्याची व्यवस्था लावावी.

करंट ०.०१ ओहमच्या शंटवर मोजतात. एक मिलीव्होल्ट म्हणजे १०० मिलीअँपिअर. पहिल्या वर्षी किमान चार वाचने घ्यावीत: सप्टेंबरअखेर, डिसेंबर, मार्च आणि मे. आपल्या उदाहरणातल्या एका गटाची (चार ॲनोड, ३०.८ किलो) ही वाचने अनुक्रमे १७५, १६०, १४५ आणि १०५ मिलीअँपिअर आली असे धरू. सरासरी १४६ येते आणि त्यावरून आयुष्य साडेबावीस वर्षे निघते. फक्त सप्टेंबरच्या वाचनावर भागले असते, तर पावणेएकोणीस आले असते, आणि फक्त मे महिन्यावर भागले असते, तर एकतीस. अधिकाऱ्याची भेट मे महिन्यात झाली आणि तेवढेच वाचन अहवालात गेले, म्हणून एखाद्या गटाला एकतीस वर्षांचे प्रमाणपत्र मिळू शकते. अहवालात आयुष्याच्या आकड्याशेजारी वाचनाचे महिने लिहिणे बंधनकारक करून घ्यावे.

पुढे दरवर्षी दोन वाचने, ओल्या आणि कोरड्या हंगामात, पुरतात. दिलेले अँपिअर-तास जोडत जावेत. एका गटाच्या २८,८०० अँपिअर-तासांपैकी किती खर्च झाले हे वहीत दिसत राहते, आणि तीन चतुर्थांश खर्च झाले की नव्या ॲनोडांची मागणी अंदाजपत्रकात टाकता येते. माती सुकल्याने करंट उतरतो आणि पावसाळ्यात परत चढतो. सप्टेंबरअखेरही तो चढला नाही, तर ॲनोड पाइपपासून सोडवून त्याचे एकट्याचे पोटेन्शियल हाफ सेलने घ्यावे. उणे १.५ व्होल्टच्या पलीकडे असेल, तर मॅग्नेशियम शिल्लक आहे आणि दोष रेझिस्टर, पाइपकडची तार किंवा तिथल्या जोडात शोधावा. ते उणे १.० च्या अलीकडे आले, तर धातू संपलेला आहे किंवा तार जमिनीखाली तुटून तांब्याचे टोक मातीला लागले आहे. खर्च झालेल्या अँपिअर-तासांची वही उघडली की या दोहोंपैकी काय घडले असावे, हे खड्डा खणण्यापूर्वीच बऱ्यापैकी सांगता येते.